खुर्चीवर बसून चढलेली पर्वती

समजा, पुण्यातली एक चोवीस वर्षांची मुलगी आहे. स्पर्धा परीक्षेची लेखी फेरी पार पडली आहे आणि आता मुलाखतीची तयारी चालू आहे. सकाळी ती पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या न थांबता चढते. वर पोहोचल्यावर मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके दिसतात १३२. त्याच दिवशी दुपारी क्लासमध्ये तिची सराव मुलाखत आहे. बाहेरच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन ती बसली आहे, तेव्हा ठोके ११८. आतून नाव पुकारलं जातं आणि ती उठून दारापर्यंत चार पावलं टाकते, तेव्हा १३५. समोरच्या निवृत्त अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला आणि तिने तोंड उघडलं, तेव्हा १४६. दहा मिनिटांनी, गप्पा रंगल्यावर, ११२. घरी निवांत बसलेली असताना तिचे ठोके ७२ असतात.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांत अतिशयोक्ती नाही. मुलाखत, तोंडी परीक्षा, व्यासपीठावरचं भाषण या प्रसंगी माणसांची नाडी मोजणाऱ्या संशोधकांना असे आकडे अनेकदा सापडले आहेत. त्या मुलीला पडलेला प्रश्नही साधा आहे. सकाळी पाय हलत होते, श्वास फुलला होता, मांड्या भरून आल्या होत्या. दुपारी तर ती नुसती बसली होती. मग हृदय धावलं कुणासाठी?

उत्तराची सुरुवात हृदयाच्या स्वतःच्या तालापासून करावी लागते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून प्रत्येक ठोक्याची विद्युतलहर निघते. या पुंजक्याला मेंदूकडून कसलीच सूचना मिळाली नाही, तर तो तरुण माणसात मिनिटाला साधारण शंभरच्या आसपास ठोके देत राहतो. हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये हे थेट पाहायला मिळतं. नव्या हृदयाला जोडणाऱ्या नसा शस्त्रक्रियेत कापल्या गेलेल्या असतात, म्हणून त्यांचे विश्रांतीतले ठोकेही बहुधा नव्वद ते एकशे दहाच्या घरात असतात.

म्हणजे विश्रांतीतले ७२ ठोके हा हृदयाचा मूळ वेग नव्हे. तो ब्रेक लावून कमी केलेला वेग आहे. हा ब्रेक म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून निघून छातीत उतरणारी व्हेगस नावाची नस. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे बेडकांच्या दोन हृदयांवर एक प्रयोग केला. पहिल्या हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केल्यावर ते मंदावलं. त्या हृदयाभोवतीचा द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं, आणि तिथे तर कोणत्याही नसेला हात लावलेला नव्हता. नस हृदयाशी रसायनाच्या भाषेत बोलते, हे त्यातून सिद्ध झालं. या कामासाठी लोवीला १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

ब्रेक सोडला की ठोके वाढतात, आणि हे फार झपाट्याने होतं. व्हेगसचा परिणाम पुढच्या एखाददुसऱ्या ठोक्यातच दिसतो. ‘छातीत धस्स झालं’ असं आपण म्हणतो त्या क्षणानंतरचे पहिले वेगवान ठोके बहुतेक या सुटलेल्या ब्रेकचे असतात. त्यानंतर दुसरी यंत्रणा जागी होते. मणक्याजवळून हृदयाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसा काही सेकंदांत वेग वाढवतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. गाडीच्या भाषेत सांगायचं तर आधी ब्रेकवरून पाय निघतो आणि मग ॲक्सिलरेटरवर पडतो.

पर्वती चढतानाही याच दोन यंत्रणा काम करतात. फरक आहे तो सूचना कुठून येते यात. चढणाऱ्या पायांचे स्नायू प्राणवायू मागतात. स्नायूंतल्या संवेदना मेंदूला सतत कळवत असतात की काम किती चाललं आहे आणि किती आम्ल साचलं आहे. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू आकुंचन पावताना शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही वाढतं. गरज आणि पुरवठा यांचा इथे हिशोब लागलेला असतो. वेग कमी केला की मागणी उतरते आणि पाठोपाठ ठोकेही उतरतात.

मुलाखतीच्या खुर्चीवर हा हिशोब नसतो. तिथे सूचना वरून येते. समोरच्या परिस्थितीत धोका आहे असा अंदाज मेंदूच्या आतल्या भागांनी बांधला की हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या बुंध्याला इशारा जातो. लढायचं की पळायचं हे ठरण्याआधीच रक्ताची व्यवस्था करून ठेवायची, ही या यंत्रणेची जुनी रीत आहे. स्नायूंनी अजून काही मागितलेलं नसतं. हृदय आगाऊ पुरवठा सुरू करतं.

हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भीती, राग आणि वेदना यांत शरीरात काय बदलतं यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण परीक्षार्थींना जवळचं वाटेल. वैद्यकीय शाखेच्या नऊ विद्यार्थ्यांची लघवी एका अवघड परीक्षेनंतर तपासली, तेव्हा चौघांच्या लघवीत साखर सापडली. एरवी त्यांच्या लघवीत साखर नसे. सोप्या परीक्षेनंतर ती फक्त एकाच्या लघवीत होती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले काही राखीव खेळाडू सामनाभर बाकावर बसून होते, आणि त्यांच्यातल्या पाच जणांच्या लघवीतही साखर आढळली. पळण्यासाठी लागणारं इंधन यकृताने रक्तात सोडलं होतं, पण पळालं कुणीच नव्हतं.

कष्ट आणि भीती या दोन्हींमुळे वाढणारे ठोके आतून वेगळे असतात, हे नेमकं दाखवणारा एक प्रयोग १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जोएल डिम्सडेल आणि जोनाथन मॉस या दोन डॉक्टरांनी अंगावर बाळगता येईल असा, न कळत थोडंथोडं रक्त काढत राहणारा पंप वापरला. दहा जण लोकांसमोर भाषण करत असताना त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, आणि दहा जण व्यायाम करत असताना त्यांचेही घेतले. व्यायामात नॉरॲड्रेनॅलिन जवळपास तिप्पट झालं. भाषणात ॲड्रेनॅलिन जवळपास दुप्पट झालं. ही दोन्ही रसायनं एकाच घराण्यातली आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. नॉरॲड्रेनॅलिन मुख्यतः नसांच्या टोकांशी सुटतं आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळतं. ॲड्रेनॅलिन ग्रंथीतून रक्तात उतरतं, सगळ्या शरीरभर फिरतं आणि हृदयाला वेगाबरोबर जोरही देतं.

हा जोर महत्त्वाचा आहे. १३५ ठोके पर्वतीच्या माथ्यावर जाणवतही नाहीत, आणि तेवढेच ठोके मुलाखतीच्या दाराशी कानात ऐकू येतात, अशी बहुतेकांची तक्रार असते. त्याचं एक कारण हेच. ॲड्रेनॅलिनमुळे प्रत्येक ठोका अधिक ताकदीने पडतो. शिवाय शरीर स्थिर असतं, श्वासाचा आवाज नसतो, पायांच्या कष्टाची संवेदना नसते. लक्ष वळवायला दुसरं काहीच नसल्यामुळे सगळं ध्यान छातीवर जातं.

मग वाढलेला हा रक्तप्रवाह जातो कुठे? इथे १९८३ मधला एक सुरेख प्रयोग आठवतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात रिक टर्नर, डग्लस कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्याने तरुण मुलांना त्या काळी गाजलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम खेळायला लावला. त्याआधी प्रत्येकाला प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवून कमीअधिक जोर लावायला सांगितला आणि ठोके व प्राणवायूचा वापर एकत्र मोजला. त्यातून प्रत्येकाची स्वतःची रेषा मिळाली, म्हणजे इतका प्राणवायू लागला तर इतके ठोके. मग गेम खेळताना हेच दोन आकडे पुन्हा घेतले. प्राणवायूचा वापर जेमतेम वाढला होता, पण ठोके त्या रेषेने सांगितले असते त्यापेक्षा बरेच वर गेले होते. काहींच्या बाबतीत ही तफावत थोडी होती आणि काहींच्या बाबतीत फार मोठी. या जादा ठोक्यांना शास्त्रज्ञ ‘अतिरिक्त हृदयगती’ म्हणतात. तो शरीराच्या कामाचा मोबदला नसतो. ती मेंदूने घेतलेली आगाऊ उचल असते.

आपल्या चोवीस वर्षांच्या मुलीवर हा हिशोब मांडून पाहता येतो. तिचं वजन साठ किलो धरू. निवांत बसलेलं शरीर किलोमागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरतं, म्हणजे तिला लागतात दोनशे दहा मिलिलिटर. पायऱ्या काही मिनिटं चढत राहिल्यास ही गरज आठपट किंवा त्याहून थोडी जास्त होते, म्हणजे मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास. बसून बोलताना मात्र ती दीडपटीच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे फार तर सव्वातीनशे मिलिलिटर. तेवढ्यासाठी ८० ते ८५ ठोके पुरले असते. घड्याळात दिसले १४६. वरचे साठ ठोके हे चिंतेचे ठोके. वाढलेल्या रक्ताचा बराचसा भाग हातापायांच्या स्नायूंकडे जातो, कारण ॲड्रेनॅलिन तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करतं. पण स्नायू ते वापरत नाहीत. शिरांतून हृदयाकडे परत येणाऱ्या रक्तात प्राणवायू तसाच शिल्लक असतो. त्याच वेळी कातडीकडचं रक्त आवळलं जातं, म्हणून छाती धडधडत असताना तळवे गार आणि ओले असतात. तोंडाला कोरड पडते तीही याच गडबडीत.

लोकांसमोर उभं राहण्यात धोका तरी कसला, असा प्रश्न यावर येतो. समोर बसलेला अधिकारी काही वाघ नाही. पण शरीराला लागणारी भीती ही जिवाच्या भीतीपुरती मर्यादित नसते. हे सर्वांत नेटकेपणाने तपासता येतं ते जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डिर्क हेलहामर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या चाचणीत. ती आज जगभर वापरली जाते आणि आपल्याकडच्या कोणत्याही उमेदवाराला ती ओळखीची वाटेल.

भाग घेणाऱ्याला एका खोलीत नेतात. समोर परीक्षक बसलेले असतात, मायक्रोफोन असतो, कॅमेरा चालू असतो. त्याला सांगतात की, ‘तुम्ही एका नोकरीसाठी अर्ज केला आहे. ती तुम्हालाच का मिळावी हे पाच मिनिटांत आम्हाला पटवून द्या.’ तयारीला थोडा वेळ मिळतो, मुद्दे लिहून काढता येतात, पण बोलायची वेळ आली की तो कागद वापरता येत नाही. परीक्षक हसत नाहीत, मान डोलवत नाहीत. बोलणारा मध्येच थांबला, तर शांतपणे एवढंच सांगतात की अजून वेळ आहे, पुढे बोला. भाषण संपलं की पाच मिनिटांचं गणित सुरू होतं. १०२२ मधून तेरा तेरा वजा करत जायचं, मोठ्याने. १००९, ९९६, ९८३, ९७०. एक जरी चूक झाली तरी परत १०२२ पासून सुरुवात.

या दहा मिनिटांत कुणी धावत नाही की वजन उचलत नाही. तरी ठोके ठळकपणे वाढतात, आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक वाढत जाऊन चाचणी संपल्यानंतर काही मिनिटांनी शिखर गाठतं. पुढे काही संशोधकांनी हीच चाचणी परीक्षकांशिवाय करून पाहिली. खोली रिकामी, बोलणं तेवढाच वेळ, गणित सोपं. कॉर्टिसॉल वाढलं नाही. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कुठे वाढतं? दुसरं कुणीतरी आपली पारख करत आहे आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र येतात तिथे. मुलाखतीत या दोन्ही असतात. तोंडी परीक्षेतही असतात.

लेखी परीक्षा त्या मानाने वेगळी. तिथे ठोक्यांचा कळस असतो तो प्रश्नपत्रिका हातात पडेपर्यंत आणि पहिली काही मिनिटं. पहिला येणारा प्रश्न सापडला की हात लिहायला लागतो, कुणी तोंडाकडे पाहत नसतं, आणि ठोके उतरू लागतात. भाषणाचा आलेखही साधारण असाच असतो. वक्तृत्व आणि चिंता यांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे की ठोके नाव पुकारण्याआधीपासून चढू लागतात, बोलायला सुरुवात केल्यावरच्या पहिल्या मिनिटात शिखरावर जातात आणि मग श्रोते समोर असतानाच खाली येऊ लागतात. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणताना ज्यांचा आवाज कापतो त्यांना हे शिखर म्हणजे काय ते ठाऊक आहे. बोलणं संपल्यावर मात्र ठोके एकदम ७२ वर येत नाहीत. रक्तातलं ॲड्रेनॅलिन निम्मं व्हायला दोनतीन मिनिटं लागतात, म्हणून जागेवर येऊन बसल्यावरही छाती थोडा वेळ धडधडत राहते.

चिंतेचे ठोके व्यायामाला मागे टाकतात हे खरं, पण कोणत्या व्यायामाला ते नीट सांगितलं पाहिजे. चालणं, जिना चढणं, हळू धावणं यांच्या बरोबरीने किंवा त्यापुढे ते सहज जातात. चोवीस वर्षांच्या माणसाची कमाल मर्यादा २२० वजा वय या ढोबळ हिशोबाने १९६ धरली, तर १४६ म्हणजे तिच्या पाऊण भागाजवळ, शंभरातले सुमारे ७५. हा भरपूर घाम आणणाऱ्या व्यायामाचा पट्टा आहे. लंडनमधल्या पीटर टॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये लोकांसमोर बोलणाऱ्यांचा ईसीजी घेतला तेव्हा काहींचे ठोके याच्याही बरेच वर गेलेले होते. तरीही जीव तोडून धावणाऱ्या तरुणाचे ठोके आपल्या मर्यादेला भिडतात तसे बसून बोलणाऱ्याचे सहसा भिडत नाहीत. आणि घड्याळाने मुलाखतीतली ती वीस मिनिटं ‘व्यायाम’ म्हणून नोंदवली तरी तो व्यायाम नव्हे. प्राणवायू जळला नाही, स्नायूंनी काम केलं नाही, म्हणून व्यायामाचा फायदाही त्यातून मिळत नाही.

निरोगी हृदयाला अशी थोड्या वेळाची धडधड झेपते. पण प्रत्येक धडधड चिंतेचीच असते असं मात्र समजू नये. चिंतेचे ठोके चढत जातात आणि उतरत जातात. दिव्याचं बटण दाबावं तसे क्षणात १८० वर पोहोचणारे आणि तसेच क्षणात थांबणारे ठोके हृदयाच्या विद्युतमार्गातल्या दोषाचे असू शकतात, आणि त्यांचा भीतीशी संबंध असेलच असं नाही. नाडीचा ताल अगदी वेडावाकडा लागत असेल, तर तेही तपासायला हवं. सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या, चहा घेण्याआधी, पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती रोजच शंभरच्या वर असेल तर रक्तक्षय किंवा थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, भीतीने किंवा धावताना कुणी बेशुद्ध पडत असेल, छातीत दुखत असेल किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर ‘टेन्शन आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ईसीजी काढावा. काही आनुवंशिक हृदयविकार भावनेच्या भरातच प्रकट होतात.

ठोके खाली आणायचा सर्वांना उपलब्ध असलेला मार्ग श्वासाचा आहे, कारण व्हेगसचा ब्रेक श्वासाशी बांधलेला असतो. श्वास घेताना ठोके थोडे वाढतात आणि सोडताना कमी होतात. म्हणून मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांब, असं पाच मिनिटं केलं की ब्रेक थोडा दाबला जातो. शिखर पहिल्या मिनिटात असतं हे माहीत असल्यावर त्या मिनिटाची सोयही करता येते. स्वतःच्या ओळखीची पहिली चार वाक्यं इतकी पाठ असावीत की ती विचार न करता तोंडातून यावीत.

ठोके खाली आलेच पाहिजेत असंही नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना अनोळखी लोकांसमोर कराओकेवर गाणं म्हणायचं होतं. ‘मला उत्साह वाटतोय’ असं आधी मोठ्याने म्हणणाऱ्यांनी ‘मला भीती वाटतेय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं गायलं. त्यांची नाडी मात्र मंदावली नव्हती. वेगवान ठोके तसेच असताना काम चांगलं झालं.

राहिली गोळ्यांची गोष्ट. प्रोप्रानोलॉलसारखी औषधं हृदयावरचा ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवतात. टॅगर्ट यांच्या प्रयोगातही याच जातीच्या औषधाने वक्त्यांचे ठोके रोखले गेले होते. वादक, वक्ते, परीक्षार्थी यांच्यात ही गोळी हातोहात फिरते. पण ती दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकते, आधीच कमी असलेला रक्तदाब किंवा नाडी आणखी खाली नेऊ शकते, आणि मधुमेहात साखर उतरल्याची धडधडीची खूण झाकून टाकू शकते. मुलाखतीच्या आदल्या रात्री मित्राने दिलेली गोळी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तीही पहिल्यांदा मुलाखतीच्या दिवशी नव्हे, आधी एखाद्या साध्या दिवशी.